उलटा पिरॅमिड सुलटा करताना

एका बस कंपनीचं ऑनलाइन आरक्षण डोळ्यांसमोर आणा. कंपनी कल्पित आहे, पण तिचं दुखणं पुण्या-बंगळूरच्या कितीतरी सॉफ्टवेअर टीमना आपलंच वाटेल. या कंपनीच्या वेबसाइटसाठी 300 स्वयंचलित चाचण्या लिहिलेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या एकाच धाटणीच्या आहेत. प्रत्येक चाचणी खराखुरा ब्राउझर उघडते, लॉगिन करते, पुणे ते कोल्हापूर बस शोधते, आसन निवडते, प्रवाशाचं नाव आणि वय भरते आणि शेवटी स्क्रीनवर अपेक्षित ते दिसलं का हे तपासते. माणसाने हाताने जे केलं असतं तेच इथे प्रोग्रॅम करतो. एका चाचणीला साधारण 40 सेकंद लागतात. 300 चाचण्या एकामागून एक चालवल्या तर 3 तास 20 मिनिटं होतात, म्हणून त्या रात्री चालतात आणि निकाल सकाळी कळतो.

उशीर हा त्यातला उघड तोटा. दिवसभरात दहा जणांनी कोडमध्ये बदल केलेले असतात. सकाळी चाचणी लाल दिसली, म्हणजे नापास झाली, तर ती कोणाच्या बदलामुळे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. पण दुसरा तोटा याहून मोठा आहे आणि तो गणितातून दिसतो.

स्क्रीनवरून चालणारी चाचणी कधीकधी काहीही बिघडलेलं नसताना नापास होते. पान उघडायला एक सेकंद जास्त लागला, बटण दिसलं पण अजून दाबण्याजोगं झालं नव्हतं, दुसऱ्या चाचणीने तेच आसन आधी घेऊन टाकलं, अशी कारणं असतात. पुन्हा चालवली की तीच चाचणी मुकाट पास होते. अशा चाचण्यांना टीममध्ये ‘फ्लेकी’ म्हणतात. आपण लहरी म्हणू. समजा आपली प्रत्येक चाचणी फार गुणी आहे आणि 200 वेळांतून एकदाच लहरीपणा करते. म्हणजे ती 99.5 टक्के वेळा खरं सांगते. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण सगळ्या 300 चाचण्या एकाच रात्री खरं सांगतील याची शक्यता 0.995 चा 300 वा घात, म्हणजे सुमारे 22 टक्के. दर दहा सकाळींपैकी जवळजवळ आठ सकाळी, कोड अगदी निर्दोष असला तरी, निकाल लाल. महिन्याभरात टीमला सवय लागते: लाल दिसलं की पुन्हा चालवा. आणि एके दिवशी लाल रंग खरा असतो, तेव्हाही कोणी पाहत नाही.

हे फक्त छोट्या टीमचं दुखणं नाही. गूगलमध्ये चाचण्यांच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या जॉन मिको यांनी 2016 मध्ये लिहिलं होतं की त्यांच्याकडे चाचण्यांच्या एकूण निकालांपैकी सुमारे दीड टक्का निकाल लहरी निघतात आणि सुमारे 16 टक्के चाचण्यांमध्ये थोडाबहुत लहरीपणा आहे.

या आकड्यांवर सुचणारे पहिले दोन उपाय सोपे असतात आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला उपाय, यंत्रं वाढवा. दहा यंत्रांवर चाचण्या वाटल्या तर 3 तास 20 मिनिटांची 20 मिनिटं होतात, पण 22 टक्के तिथेच राहतात. चुकीचा लाल निकाल आता फक्त लवकर मिळतो. दुसरा उपाय, नापास झालेली चाचणी आपोआप एकदा पुन्हा चालवा आणि दुसऱ्यांदा पास झाली तर हिरवी धरा. याने लहरीपणा खरोखर दिसेनासा होतो. पण समजा आरक्षणाच्या कोडमध्ये असा दोष आहे की 20 वेळांतून एकदा एकच आसन दोघांना दिलं जातं. चाचणी तो पकडण्याची शक्यता आता 20 मध्ये एक उरत नाही. दोन्ही वेळा दोष घडला तरच लाल दिसणार, म्हणजे 400 मध्ये एकदा. लहरी चाचणी आणि लहरी सॉफ्टवेअर यांच्यातला फरक या उपायाने पुसला जातो. आसन दोघांना गेलं तर भांडण स्वारगेटच्या फलाटावर होतं, चाचणीच्या अहवालात नाही.

चाचण्यांचा आकार असा का होतो, हेही समजून घ्यायला हवं. माइक कोन यांनी 2009 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात चाचण्यांचा पिरॅमिड मांडला. तळाशी भरपूर युनिट चाचण्या, म्हणजे कोडचा एखादाच छोटा भाग एकटा घेऊन तपासणाऱ्या. मध्ये सर्व्हरच्या सेवा थेट तपासणाऱ्या, स्क्रीनशिवाय. आणि टोकावर स्क्रीनमधून सगळी साखळी तपासणाऱ्या थोड्याशा. आपल्या बस कंपनीत हा आकार बरोबर उलटा आहे. अ‍ॅलिस्टर स्कॉट यांनी 2012 मध्ये या उलट्या आकाराला आइस्क्रीमच्या कोनाचं नाव दिलं आणि ते रूढ झालं.

हा कोन आळसातून तयार होत नाही. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांत कोड लिहिणारी टीम वेगळी आणि टेस्टिंगची टीम वेगळी, कधी तर टेस्टिंगचं कंत्राटच दुसऱ्या कंपनीकडे. टेस्टरला कोड पाहायची परवानगी नाही, सर्व्हरच्या आत जायची नाही. त्याला उघडं असलेलं एकमेव दार म्हणजे स्क्रीन. जेसन हगिन्स यांनी 2004 मध्ये सुरू केलेलं सेलेनियम आणि त्यानंतर आलेली साधनं या दारातून आत जाण्याचं काम उत्तम करतात. मग भाड्याचा नियम तपासायचा असो की लॉगिन, सगळं त्याच दारातून. म्हणून ‘टेस्टरांनी चुकीच्या चाचण्या लिहिल्या’ असं कोणी म्हटलं की मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांना दुसरी जागाच दिलेली नव्हती. पिरॅमिड सुलटा करायचा तर पहिली परवानगी हीच लागते: टेस्टरला कोडपाशी बसू द्या आणि कोड लिहिणाऱ्याने चाचण्यांची निम्मी जबाबदारी घ्यावी.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्या 300 चाचण्या बाजूला ठेवून नव्याने लिहू, असा विचार हमखास पुढे येतो. तो मान्य करू नये. त्या 300 चाचण्या कितीही संथ असल्या तरी सॉफ्टवेअरने कसं वागायचं याची ती एकमेव लेखी नोंद असते. काही नियम आज कुठल्याच माणसाच्या डोक्यात उरलेले नसतात, फक्त त्या चाचण्यांत असतात. त्या ठेवूनच, एकेक गट खाली उतरवत जायचं.

सुरुवात एका तक्त्याने होते. प्रत्येक चाचणीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: लागणारा वेळ, कोड न बदलता पंचवीस-तीस वेळा चालवल्यावर ती कितीदा नापास झाली आणि ती नेमकं काय सिद्ध करते. पहिल्या दोन गोष्टी यंत्र देतं. तिसरी माणसाने चाचणी वाचून एका वाक्यात लिहायची आणि खरं काम तेच आहे. ‘ज्येष्ठ नागरिक आरक्षण चाचणी 7’ या नावाखाली दोन पानं कोड असतो: लॉगिन, शोध, आसन, फॉर्म. पण वाचून काढल्यावर वाक्य निघतं, ‘65 वर्षांच्या प्रवाशाला अर्धं भाडं लागतं.’ बाकी सगळा प्रवास त्या एका वाक्यापर्यंत पोचण्यासाठी केलेला. आपल्या 300 चाचण्यांचा असा तक्ता केला तर समजा दिसलं की 48 चाचण्या भाड्याच्या नियमांच्या आहेत, 40 रद्द केलेल्या तिकिटाच्या परताव्याच्या, 60 फॉर्ममधल्या चुकांच्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रवास हाच ज्यांचा विषय आहे अशा जेमतेम पंधरा-वीस.

तक्ता होत असतानाच एक नियम लावून टाकायचा. यापुढे नवी चाचणी जिथे लिहिता येईल अशा सर्वांत खालच्या थरावर लिहायची. स्क्रीनवर लिहायची असेल तर का, हे सांगावं लागेल. हा नियम नसेल तर एकीकडे आपण दहा चाचण्या खाली उतरवतो आणि दुसरीकडे बारा नव्या वर येऊन बसतात.

थर बदलण्याआधी थोडा दिलासा मिळवता येतो. तक्त्यातल्या सर्वांत लहरी चाचण्या वेगळ्या काढून ठेवाव्यात, पण प्रत्येकीवर माणसाचं नाव आणि तारीख टाकून, नाहीतर तो कोपरा अडगळीचा होतो. ‘पाच सेकंद थांब’ असं आंधळं थांबणं जिथे जिथे लिहिलेलं असेल तिथे ‘बटण दाबण्याजोगं होईपर्यंत थांब’ अशी अट घालावी. आणि लॉगिन, प्रवासी खातं, बसचं वेळापत्रक ही तयारी स्क्रीनवरून न करता सर्व्हरच्या एपीआयला थेट सांगून करावी. लॉगिनची चाचणी एकच पुरे. उरलेल्या 299 चाचण्यांनी तेच लॉगिन पुन्हा तपासून नवं काहीच कळत नाही. एवढ्याने 40 सेकंदांची चाचणी 25 वर येऊ शकते आणि मोडण्याच्या जागाही घटतात.

आता भाड्याच्या त्या 48 चाचण्या घेऊ, कारण खाली उतरवण्याची रीत त्यांच्यात सर्वांत स्वच्छ दिसते. आपल्या कल्पित कंपनीने एसटीसारख्याच सवलती ठेवल्या आहेत असं धरू: 5 वर्षांखाली मोफत, 5 ते 12 अर्धं, महिलांना अर्धं, 65 ते 75 अर्धं आणि 75 पासून पुढे मोफत. अर्ध्या भाड्यात पन्नास पैसे आले तर वरचा पूर्ण रुपया घ्यायचा.

हे नियम कोडमध्ये आहेत कुठे, हा पहिला प्रश्न. बहुतेकदा ते एका जागी नसतात. आरक्षण जतन करणाऱ्या तीनशे ओळींच्या कामात थोडे, स्क्रीनच्या कोडमध्ये थोडे. ते हलवण्याआधी आत्ता काय घडतं ते टिपून घ्यायचं. वेगवेगळी वयं आणि लिंग देऊन चालू यंत्रणा किती भाडं सांगते ते लिहून काढायचं, बरोबर-चूक न ठरवता. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या 2004 च्या पुस्तकात ही रीत समजावली आहे. ती कंटाळवाणी आहे, पण इथे अनेकदा घबाड सापडतं. समजा 135 रुपये भाड्यावर 68 वर्षांच्या महिलेला यंत्रणा 34 रुपये सांगते. महिला म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून पुन्हा अर्धं. 48 चाचण्यांत ही जोडीच नव्हती. प्रत्येक जोडीला 40 सेकंद लागत असतील तर माणूस शितावरून भाताची परीक्षा करतो आणि हेच शीत कच्चं राहतं. दोन सवलती एकत्र मिळाव्यात की नाही हे टेस्टरने ठरवायचं नाही. कंपनीत भाडं ठरवणाऱ्या माणसाला विचारायचं. ‘एकच सवलत’ असं उत्तर आलं असं धरू.

मग नियम एका जागी गोळा करायचे, जिथे ना डेटाबेस आहे ना स्क्रीन. फक्त माहिती आत, भाडं बाहेर.

```python
def bhade(mool, vay, mahila):
    if vay < 5 or vay >= 75:
        return 0
    if vay < 12 or vay >= 65 or mahila:
        return (mool + 1) // 2
    return mool
```

आणि त्याची चाचणी म्हणजे नियमांचा सरळ तक्ता, जो भाडं ठरवणारा माणूसही वाचू शकेल:

```python
@pytest.mark.parametrize("vay, mahila, apekshit", [
    (4, False, 0),    (5, False, 68),
    (11, False, 68),  (12, False, 135),
    (64, False, 135), (65, False, 68),
    (74, False, 68),  (75, False, 0),
    (30, True, 68),   (68, True, 68),
])
def test_bhade(vay, mahila, apekshit):
    assert bhade(135, vay, mahila) == apekshit
```

दहा ओळी, सगळ्या मिळून सेकंदाचा छोटासा अंश. वयं मुद्दाम काठावरची घेतली आहेत, कारण चूक काठावरच होते: ‘65 पासून’ की ‘65 च्या पुढे’. पण या दहा ओळींनी जुन्या 48 ची जागा घेतली असं एवढ्यावर म्हणू नये. चाचणी हिरवी आहे याचा अर्थ ती जागी आहे असा नाही. ती जागी आहे का हे पाहायचं तर कोड जाणूनबुजून मोडून पाहावा लागतो.

`>= 75` ऐवजी `> 75` करा आणि चाचण्या चालवा. 75 वयाची ओळ लाल होते, ठीक. `or mahila` काढून टाका. 30 वर्षांच्या महिलेची ओळ लाल होते, ठीक. आता `mool + 1` ऐवजी `mool + 2` करा. सगळं हिरवं राहतं! कारण 135 मध्ये 2 मिळवून निम्मे केले तरी पूर्णांक 68 च येतो. पण हाच मोडका कोड 140 रुपयांच्या तिकिटाला 70 ऐवजी 71 लावतो. म्हणजे आपल्या तक्त्याला भोक आहे: सगळ्या ओळी एकाच विषम भाड्यावर उभ्या आहेत. 140 रुपयांवरच्या अर्ध्या तिकिटाची एक ओळ घातली की भोक बुजतं. असे बदल आपोआप करून पाहणारी साधनं आहेत, पायथनमध्ये `mutmut`, जावामध्ये `PIT`. पण एका छोट्या फंक्शनसाठी हाताने पाच-सहा बदल करून पाहणं पुरतं आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते अहवाल वाचून मिळत नाही.

मोडून पाहण्याचा दुसरा अर्धा भाग असा: तोच मोडका कोड जुन्या 48 स्क्रीन चाचण्यांवरही चालवायचा. जो बदल वरच्या चाचणीने पकडला पण खालच्या तक्त्याने नाही, तो खाली अजून उतरलेला नाही. यादी रिकामी झाली की मगच वरच्या चाचण्या काढून टाकायच्या.

आणि काढून टाकायच्याच. सगळ्या प्रयत्नांत मोडता घालणारी पायरी ही असते. खाली नव्या चाचण्या लिहिल्या जातात, पण वरच्या ‘असू द्या, काय बिघडतं’ म्हणून राहतात. बिघडतं ते हे की रात्रीची वेळ तेवढीच राहते, लहरीपणा तेवढाच राहतो आणि एक नियम बदलला की दोन जागी दुरुस्ती करावी लागते. कोडचा इतिहास जपणाऱ्या व्यवस्थेत काढलेली चाचणी नाहीशी होत नाही, हवी तेव्हा परत आणता येते. एवढं सांगितलं तरी हात थांबतात, म्हणून मोडून पाहिल्याची नोंद काढण्याच्या विनंतीसोबत जोडावी. मग चर्चा भीतीवर होत नाही, त्या नोंदीवर होते.

48 पैकी एक मात्र ठेवायची. भाड्याचं फंक्शन बरोबर आहे हे आता ठाऊक आहे. स्क्रीनवर भरलेलं वय आणि लिंग तिथपर्यंत पोचतं का आणि परत आलेला आकडा प्रवाशाला दिसतो का, हे ठाऊक नाही. त्यासाठी 30 वर्षांची महिला प्रवासी आणि 135 रुपयांचं तिकीट घेऊन एक चाचणी. मध्ये कुठे तार तुटली असेल तर स्क्रीनवर 68 ऐवजी 135 दिसेल. 30 वर्षांचा पुरुष प्रवासी घेतला असता तर तार तुटली तरी 135 च दिसलं असतं आणि चाचणी हिरवी राहिली असती.

मधला थर आकृतीत लहान दिसतो, पण अशा यंत्रणेत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. एकच आसन दोघांना जाऊ नये, हा नियम घ्या. तो पाळला जातो डेटाबेसमध्ये: ‘या बसचं, या तारखेचं, हे आसन एकदाच’ अशी अट तिथे घातलेली असते. याची युनिट चाचणी लिहायची तर डेटाबेसच्या जागी नकली डेटाबेस ठेवावा लागेल आणि तो नकली डेटाबेस आपण सांगू तेच बोलेल. चाचणी हिरवी येईल आणि तिला काही अर्थ नसेल. स्क्रीनवरून करायचं तर दोन ब्राउझर एकाच क्षणी बटण दाबतील अशी कसरत करावी लागेल. मधला मार्ग सरळ आहे. खरा डेटाबेस चाचणीपुरता उभा करायचा, सर्व्हरला एकाच आसनासाठी एकाच वेळी वीस मागण्या पाठवायच्या आणि बरोबर एक स्वीकारली गेली, एकोणीस नाकारल्या गेल्या हे पाहायचं. काही सेकंदांत होतं. 20 मध्ये एकदा घडणारा तो दोष इथे दबा धरून बसू शकत नाही.

परताव्याच्या 40 चाचण्यांची गोष्ट निराळी. नियम असा की बस सुटण्याच्या 24 तास आधी रद्द केलं तर कमी कपात, नंतर जास्त. स्क्रीनवरची चाचणी घड्याळ फिरवू शकत नाही, म्हणून ती ‘आत्तापासून 25 तासांनी सुटणारी बस’ तयार करते. दिवसा सगळं चालतं. रात्री दोनला चालवली की नापास होते आणि टीम तिला लहरी म्हणून सोडून देते. कारण शोधलं तर अगदी साधं निघतं: चाचण्या चालवणारा सर्व्हर जागतिक प्रमाण वेळेवर आहे आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत इथे नवी तारीख लागलेली असते, त्या सर्व्हरवर कालचीच. तारखेवरून बस शोधणारी चाचणी त्या वेळात कालची बस शोधते. ‘लहरी’ चाचणीचं नीट निदान केलं तर अशी ठोस कारणं निघतात. कधी तर तोच दोष खऱ्या यंत्रणेतही असतो आणि रात्री बाराच्या पुढे आरक्षण करणाऱ्या प्रवाशाला त्याचा फटका बसत असतो. उपाय असा की ‘आत्ता किती वाजले’ हे परताव्याच्या फंक्शनने स्वतः विचारायचं नाही, ते बाहेरून दिलं जावं. मग 23 तास 59 मिनिटं, बरोबर 24 तास, वर्षअखेरची मध्यरात्र, सगळं युनिट चाचणीत मांडता येतं. परतावा खात्यावर नोंदला जातो का, याच्या दोन-तीन चाचण्या मधल्या थरावर राहतात.

खाली उतरण्यात एक खरा धोका आहे आणि तो जोडांमध्ये असतो. समजा भाड्याचं फंक्शन 68 रुपये देतं. भारतातले पेमेंट गेटवे रक्कम अनेकदा पैशांत मागतात, म्हणजे पाठवायचे 6800. आपल्या पेमेंटच्या कोडची युनिट चाचणी नकली गेटवेसमोर चालते आणि तो नकली गेटवे लिहिणाऱ्यानेही रुपयेच गृहीत धरले आहेत. दोन्ही बाजू हिरव्या, आणि प्रवाशाकडून 68 रुपयांऐवजी 68 पैसे वसूल होतात. पूर्वीच्या स्क्रीन चाचण्यांपैकी एखादीने हे पकडलं असतं. म्हणून जिथे नकली वस्तू ठेवली, तिथे ती खऱ्यासारखी वागते का हे तपासणारी एक वेगळी चाचणी हवी. गेटवेच्या सरावाच्या खात्यावर 68 रुपयांचा एक व्यवहार करायचा आणि तिकडे नोंदलेली रक्कम वाचून पाहायची. रोज एकदा चालली तरी चालते. नकली वस्तू वाढत गेल्या आणि अशा चाचण्या वाढल्या नाहीत, तर पिरॅमिड दिसायला देखणा होतो आणि चुका थेट प्रवाशापर्यंत जातात. हे ओळखायची खूण सोपी आहे: युनिट चाचण्या कायम हिरव्या, तरी बाहेरून येणाऱ्या तक्रारी कमी होत नाहीत, आणि त्या ‘एका भागाने पाठवलं, दुसऱ्याला समजलं नाही’ अशाच असतात.

असं गटागटाने करत काही महिन्यांनी बस कंपनीपाशी काय उरेल? स्क्रीनवरच्या 20 चाचण्या, प्रत्येकी 25 सेकंद, मिळून 8 मिनिटं 20 सेकंद. मधल्या थरावर नव्वदेक, दीडदीड सेकंदाच्या, सव्वादोन मिनिटं. तळाशी पाच-सहाशे, काही सेकंदांत. सगळं मिळून अकरा मिनिटांच्या आत, म्हणजे कोणीही बदल केला की लगेच चालवता येतं आणि लाल दिसलं तर ज्याचा बदल तोच समोर असतो. लहरीपणाचं गणितही पुन्हा करून पाहू. 20 चाचण्या, प्रत्येकी 99.5 टक्के: सगळ्या खरं सांगण्याची शक्यता आता 90 टक्के. मोठी सुधारणा आहे, तरी दहात एकदा खोटा लाल उरतोच. पण 300 चाचण्यांची मशागत करणं अशक्य होतं, 20 ची शक्य आहे. प्रत्येकीचा लहरीपणा हजारात एकावर आणला तर तोच आकडा 98 होतो.

टक्केवारीच्या मागे मात्र लागू नये. गूगलच्या माइक वॅकर यांनी 2015 मध्ये 70 टक्के युनिट, 20 टक्के मधल्या आणि 10 टक्के टोकाच्या असा अंदाज पहिल्या पायरीसाठी सुचवला होता. अनेक कंपन्यांत तो व्यवस्थापनाचा कोटा झाला. मग आकडा भरण्यासाठी ‘नाव ठेवलं की नाव परत मिळतं’ असल्या चाचण्यांचा पाऊस पडतो. त्यांतली एकही कधी लाल होत नाही. आणि काही यंत्रणांना हा आकार शोभतही नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नियम जवळजवळ नाहीतच, फक्त फॉर्म भरायचा आणि डेटाबेसमध्ये ठेवायचा, तिथे तळाशी तपासण्यासारखं थोडंच असतं. वजन मधल्या थरावरच यायला हवं. स्पॉटिफायच्या इंजिनिअरांनी 2018 मध्ये छोट्या छोट्या सेवांसाठी असाच मधे फुगीर आकार सुचवला.

आपल्या कंपनीत फॉर्मच्या त्या 60 चाचण्याही अर्ध्यामुर्ध्याच खाली जातात. ‘मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा’ हा नियम सहज उतरतो. पण समजा एक तक्रार येते की छोट्या फोनवर वय भरताना कीबोर्ड उघडला की ‘पैसे भरा’ हे बटण त्याच्या मागे जातं आणि वर सरकवताही येत नाही. भाडं बरोबर आहे, सर्व्हर बरोबर आहे, आसन राखून ठेवलेलं आहे, तरी तिकीट निघत नाही. खालच्या सहाशे चाचण्यांपैकी एकीलाही हे कधी दिसणार नाही, कारण त्यांना स्क्रीन नाही. नव्या चाचणीपुढे ‘ही स्क्रीनवरच का’ असा प्रश्न असतो. इथे उत्तर एका ओळीत लिहिता येतं आणि 20 च्या 21 होतात.